महाशिवरात्र: घरी चारही यामपूजा करायच्या आहेत. वेळा, फराळ आणि पहाटेची झोप

मृण्मयी_विश्रामबाग (10 फेब्रुवारी 2026)

नमस्कार. आमच्या घरी नर्मदेचा बाण आहे. सासूबाई पूर्वी महाशिवरात्रीला रात्रभर जागून चारही प्रहरांची पूजा करायच्या. गुडघे दुखायला लागल्यापासून फक्त संध्याकाळचा अभिषेक होतो. यंदा त्या म्हणाल्या, तू कर, मी शेजारी खुर्चीवर बसून सांगते. मलाही मनापासून करायचं आहे. पण काही गोष्टींत आमच्या दोघींचंही एकमत होत नाहीये, म्हणून विचारते.

कॅलेंडरमध्ये रविवार 15 तारखेला महाशिवरात्र दिली आहे. पण चतुर्दशी रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास लागते आणि सोमवारी साडेपाचपर्यंत असते. मग सोमवार का नाही? प्रहर नेमके कधी सुरू होतात? तिसऱ्या प्रहरी तुपाचा अभिषेक असतो, ते तूप नंतर बाणावरून निघत नाही असं सासूबाई म्हणतात. आणि शेवटचं, सगळ्यात अवघड: मला रात्री दोननंतर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. उपवासाचं काय आणि कधी खाल्लं तर जागता येईल?

संध्याकाळी हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला जाऊन मग घरी पूजेला बसायचा विचार आहे.

सुहास_माधवनगर

प्रहर तीन तासांचा. सहा, नऊ, बारा, तीन. सरळ हिशोब आहे. बरोबर बारा वाजता मुख्य पूजा करायची, कारण शिवरात्र मध्यरात्रीची. पहिल्याला दूध, दुसऱ्याला दही, तिसऱ्याला तूप, चौथ्याला मध. आमच्या सोसायटीच्या देवळात असंच करतात.

कृष्णातीर

मृण्मयीताई, तुमचा पहिला प्रश्न फार योग्य आहे, त्यापासून सुरुवात करू.

शिवरात्रीला सूर्योदयाची तिथी बघत नाहीत, निशीथकाळाची बघतात. सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या रात्रीचे पंधरा मुहूर्त करायचे, त्यातला आठवा, मधोमध येणारा, तो निशीथ. त्या वेळी चतुर्दशी ज्या रात्री असेल ती शिवरात्र. रविवारी चतुर्दशी सूर्यास्ताच्या आधीच लागते आणि रात्रभर राहते. सोमवारी ती सूर्यास्ताच्या आधीच संपते, म्हणजे सोमवारच्या रात्री ती उरतच नाही. त्यामुळे यंदा संशयाला जागा नाही. सकाळी त्रयोदशी असली तरी संकल्प आणि उपवास रविवारी सकाळपासूनच. शनिवारी एकभुक्त राहावं.

आता वेळा. सुहासरावांनी द्रव्यांचा क्रम बरोबर सांगितला आहे. वेळांत मात्र फरक पडतो. प्रहर घड्याळाचे तीन तास नसतात, रात्रीचा चौथा भाग असतो. 15 तारखेला सांगलीत सूर्यास्त साधारण 6:34 ला आणि सोमवारचा सूर्योदय 6:58 ला. म्हणजे रात्र 12 तास 24 मिनिटांची. तिचे चार भाग केले की एकेक प्रहर 3 तास 6 मिनिटांचा होतो. पहिला 6:34 ला सुरू, दुसरा 9:40 ला, तिसरा 12:46 ला, चौथा पहाटे 3:52 ला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. रात्रीचा खरा मध्य बाराला येत नाही, 12:46 ला येतो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि सांगली त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य उशिरा मध्यावर येतो. त्यात फेब्रुवारीत आणखी चौदाएक मिनिटांची भर पडते. त्यामुळे निशीथ 12:21 ते 1:11 असा येतो, निम्मा दुसऱ्या प्रहरात आणि निम्मा तिसऱ्यात. बारा वाजता पूजा करून साडेबाराला आडवं झालं तर निशीथ बहुतेक हातचा जातो. तुम्ही तिसरी पूजा 12:46 ला वेळेवर सुरू केलीत की ती आपोआप निशीथात होते. रात्री एकच पूजा शक्य असेल त्यानंही हीच धरावी.

सुहास_माधवनगर

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे देवळातली बाराची आरती निशीथाच्या आधीच होते?

कृष्णातीर

आरती आधी झाली म्हणून काही बिघडत नाही, अभिषेक पुढे चालू ठेवा. देवळात लोक थांबायला हवेत म्हणून सोयीची वेळ धरतात, त्यात गैर नाही. चारही पूजा प्रहराच्या आत कधीही केल्या तरी चालतात, पहिल्याच मिनिटाला बसलं पाहिजे असा नियम नाही.

शाहूपुरीकर (सातारा)

आम्ही कुटुंबासह पाटेश्वरला जातो, कधी यवतेश्वरला. साताऱ्याच्या वेळा किती धरायच्या? आणि दुसरं, माझं सोळा सोमवारचं व्रत चालू आहे. शिवरात्रीचं पारणं सोमवारी सकाळी आलं आहे आणि सोमवारी मी संध्याकाळपर्यंत काही खात नाही. मग शिवरात्रीचा उपवास सोडायचा कधी? सोडला तर सोमवार मोडतो, नाही सोडला तर शिवरात्र अपुरी राहते. घरात दोन दिवस यावरच चर्चा चालली आहे.

कृष्णातीर

सातारा सांगलीच्या थोडं पश्चिमेला, दोन-अडीच मिनिटांचा फरक धरा. त्यासाठी वेगळा हिशोब नको.

तुमच्या पेचाला जुना उपाय आहे. दोन व्रतं अशी एकमेकांवर आली की पाण्यानं पारणं करतात. पाणी प्यायलं म्हणजे खाल्लं असंही धरतात आणि खाल्लं नाही असंही. सकाळी पूजा झाली की तीर्थ घ्या, शिवरात्रीचं पारणं झालं. सोमवार तसाच पुढे चालू.

जयश्री_वाई

गुरुजी, आमच्याकडे आजी चतुर्दशी संपल्याशिवाय जेवत नसे. त्या हिशोबानं यंदा सोमवारी संध्याकाळी साडेपाचनंतरच जेवण येईल. ते चूक होतं का?

कृष्णातीर

चूक म्हणणार नाही. तिथ्यंती पारणं हे मत आहेच. काशीनाथशास्त्री उपाध्यांनी 1790 साली धर्मसिंधु लिहिला. आपल्याकडे बहुतेक निर्णय त्यावरून होतात. त्यात दोन्ही मतांचा मेळ घातला आहे: चतुर्दशी रात्रीच्या तिसऱ्या प्रहराच्या आत संपत असेल तर ती संपल्यावर पारणं, आणि त्याच्याही पुढे जात असेल तर सकाळीच. यंदा ती सोमवारी दिवसभर आहे, म्हणून सकाळी. मी तसंच सांगतो. पण आजीची रीत घरात तशीच चालत आली असेल आणि शरीराला झेपत असेल तर ती मोडायला मी सांगणार नाही.

जयश्री_वाई

धन्यवाद. आई सकाळीच सोडते म्हणते, मी मात्र आजीसारखंच करेन.

अपर्णा_गावभाग

मृण्मयी, तुपाचं मी सांगते, आमच्या घरी हे दरवर्षी होतं. फेब्रुवारीत मध्यरात्री गारवा असतो. पातळ तूप थंड दगडावर पडलं की लगेच थिजतं. त्यावर साधं पाणी घातलं की ते आणखी घट्ट बसतं आणि वरून चिकट पांढरा थर राहतो. नर्मदेच्या बाणाला तो फारच दिसतो.

क्रम असा ठेव. तूप कोमट करून दोन चमचेच घाल, धार सावकाश. मंत्र संपला की चमचाभर बारीक साखर बाणावर टाकून बोटांनी हलक्या हातानं चोळ. पंचामृतात साखर शेवटी येते, ती इथंही उपयोगी पडते, तूप तिला धरून निघतं. मग सोसेल इतकं गरम पाणी, तेही एकदम नको, आधी कोमट. थंड दगडावर उकळतं पाणी ओतू नकोस. मग मऊ फडक्यानं पूस. बोट फिरवून बघ, सरकलं तर तूप उरलंय, किंचित अडखळलं तर स्वच्छ. तूप राहिलं आणि त्यावर पहाटे मध पडला की दोन्ही मिळून जो चिकटा होतो तो दुपारपर्यंत निघत नाही, आणि सकाळी मुंग्या येतात.

दुसरं, तांब्याच्या ताम्हनात दही आणि मध साठू देऊ नकोस. दही तांब्या-पितळेत कळकतं. अभिषेकाला स्टीलची वाटी किंवा चांदीचं भांडं घे, खाली ताम्हन असेल तर प्रत्येक प्रहरानंतर रिकामं करून धू. कळकलेलं तीर्थ कुणाला देऊ नकोस. पाण्याची गळती मात्र तांब्याची चालते.

प्रमाण म्हणशील तर घरच्या बाणाला अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी दही, दोन चमचे तूप, दोन चमचे मध पुष्कळ होतं.

मृण्मयी_विश्रामबाग

अपर्णाताई, हेच हवं होतं. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे साखरेऐवजी तांदळाचं पीठ चोळायचे.

अपर्णा_गावभाग

तेही चालतं, पितळी पिंडीला तर पीठच बरं. फक्त पीठ खाचेत अडकतं, ते नीट धुवावं लागतं.

बाळू_कडेगाव

बेलाचं कुणी बोललं न्हाई. आमच्याकडं सागरेश्वराला जाताना लोकं सकाळीच बेल घेऊन जात्यात. चतुर्दशीला बेल तोडायचा न्हाई, सोमवारीबी न्हाई. रविवारी पाचच्या आत तोडून ठेवा न्हायतर शनिवारीच. बेल शिळा होत न्हाई, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की रातभर टवटवीत राहतोय. कमी पडला तर वाहिलेला धुऊन परत वाहिला तरी चालतोय. तीन पानं अखंड पाहिजेत, किडकी नकोत, देठाच्या बुडाची गाठ काढायची, आन पान पालथं वाहायचं.

कृष्णातीर

बाळूभाऊंनी अगदी नेमकं सांगितलं. चारही प्रहरांचा बेल चार वेगळ्या फडक्यांत बांधून ठेवा, रात्री निवडत बसायला नको. आणि प्रत्येक प्रहरी शिवाचं वेगळं नाव घेतात: दुधाच्या वेळी ईशान, दह्याच्या वेळी अघोर, तुपाच्या वेळी वामदेव, मधाच्या वेळी सद्योजात. रुद्र येत नसेल तर ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत धार धरा, पुरेसं आहे.

डॉ_मिरज

जागण्याबद्दल लिहितो. सगळ्यांना झोप येते ती साधारण तीन ते पाचच्या दरम्यान, कारण तेव्हा शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. मृण्मयीताईंची चौथी पूजा 3:52 ला आहे, म्हणजे नेमकी त्याच वेळी. त्यामुळे तिसरी पूजा संपल्यापासून चौथी सुरू होईपर्यंतचे दोन तास हीच खरी कसोटी. त्या वेळात बसून डोळे मिटून जप करू नका. जप दिव्याजवळ, उभ्यानं किंवा चालत करा. शाल हवी, पांघरूण नको, पाय उबदार झाले की झोप लवकर येते. खोलीत उजेड ठेवा.

चहा सुरुवातीलाच भरपूर घेऊ नका. चहातलं उत्तेजक द्रव्य अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, पण त्याचा जोर पहिल्या एक-दोन तासांतच जास्त असतो. साडेनऊला अर्धा कप, बाराच्या सुमारास अर्धा कप आणि तीनच्या आसपास शेवटचा. रिकाम्या पोटी कडक चहानं जळजळ होते, सोबत दोन खजूर घ्या.

सगळ्यात उपयोगी म्हणजे रविवारी दुपारी दोन ते साडेतीन झोप काढणं. रात्र जागायची असेल तर आधीची झोप नंतरच्या चहापेक्षा कितीतरी जास्त साथ देते.

कृष्णातीर

डॉक्टरसाहेब, बाकी सगळं मान्य. दुपारच्या झोपेला मात्र माझी हरकत आहे. उपवास कशानं मोडतो हे सांगताना जुन्या वचनात चार गोष्टी येतात: वारंवार पाणी पिणं, विडा खाणं, दिवसा झोपणं आणि संभोग. त्यात दिवसाची झोप स्पष्ट आहे. रात्र जागण्यासाठी दिवसा झोपलं तर व्रताचा एक भाग जपताना दुसरा सुटतो.

डॉ_मिरज

गुरुजी, मला त्या वचनाचा आदर आहे. पण मी दरवर्षी या रात्रीनंतर सकाळी दुचाकीवरून पडलेले लोक पाहतो. सत्तर वर्षांच्या आजोबांना मी दुपारी झोपू नका असं सांगू शकणार नाही.

कृष्णातीर

म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, गरोदर बाईला तो नियम मी लावतच नाही. धडधाकट माणसानं दुसरी वाट धरावी. व्रताचा दिवस सूर्योदयापासून सुरू होतो. शनिवारी रात्री नऊला झोपा आणि रविवारी सूर्योदयापर्यंत झोपून राहा. दहा तास झोप झाली तर ती दिवसाची झोप होत नाही.

डॉ_मिरज

शनिवारी रात्री जास्त झोपण्याचा फायदा होतो, हे खरं आहे. दुपारच्या झोपेइतका नाही. कुणाचं धरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

सुहास_माधवनगर

फराळाचं काय? आमच्याकडे रात्री नऊला साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना, प्रत्येकाला मोठी थाळी. मग साडेअकराला निम्मे लोक भिंतीला टेकतात.

अपर्णा_गावभाग

सुहास, कारण तुझ्या उत्तरातच आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसती पिठी, त्यात दाण्याचं कूट आणि तूप, शिवाय बटाटा. पोट जड होतं आणि दोन तासांत सुस्ती येते. खिचडी करायचीच तर दुपारी अकराला कर. आम्ही दुपारी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी करतो, सोबत रताळ्याचा कीस. संध्याकाळी हरिपूरला जायच्या आधी एखादं केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. रात्री फक्त दूध, खजूर, मूठभर भाजलेले शेंगदाणे, थोडीथोडी. पोट अर्धं रिकामं असलं की जागरण सोपं जातं, पण अगदी रिकामं असलं की पहाटे मळमळतं.

वरईबद्दल एक गोष्ट जरूर लिहायची आहे. उपवासाच्या दिवसांत भगरीच्या पिठाच्या भाकरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात आणि अन्न व औषध प्रशासन तसं आवाहनही करतं. दळलेलं पीठ ओलसर जागी राहिलं की बुरशी धरते, आणि ते विष भाजून-शिजवून जात नाही. सुटं पीठ घेऊ नका. अखंड वरई पाकिटातली, तारीख बघून घ्या, निवडून धुवा, वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. खाल्ल्यावर काही तासांत चक्कर, अंगाला थरथर किंवा उलट्या सुरू झाल्या तर उपवासामुळे झालं असेल म्हणून वाट बघू नका.

बाळू_कडेगाव

ताई, कवठ ऱ्हायलं. शिवरात्रीला कवठाशिवाय फराळ न्हाई आमच्यात.

अपर्णा_गावभाग

राहिलंच होतं! कवठ बाजारात ओळखायचं असं: देठाजवळ नाक न्या, पिकलेल्याचा वास कवचातून बाहेर येतो. वास नसेल तर हातभर उंचीवरून फरशीवर टाकून बघा, कच्चं चेंडूसारखं उसळी घेतं, पिकलेलं धप्पकन बसतं. फोडल्यावर गर तपकिरी हवा. पांढरट, घट्ट गर तुरट लागतो, त्याची चटणी होत नाही. गराइतकाच गूळ, जिरं, लाल तिखट, सैंधव. हातानं कुस्करा, मिक्सरमध्ये बिया फुटून कडवटपणा येतो. मात्र कवठ आंबट असतं, रात्री रिकाम्या पोटी नको, दुपारच्या वरईबरोबर घ्या.

विनायक_इस्लामपूर

साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, हे सगळं पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेलं आहे. मग हे उपवासाला कसं चालतं? माझ्या मते दूध आणि फळंच खावीत.

कृष्णातीर

तुमचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी जुन्या वचनात आहेत: पाणी, मुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. पुढे जी नवी मुळं आली ती लोकांनी मुळांतच धरली. मला दूध-फळंच बरी वाटतात, पण रताळं खाणाऱ्याला मी अडवणार नाही.

रोहिणी_कुपवाड

शेवटच्या शब्दावर विचारते. बाबांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी असते. ते दरवर्षी हट्टानं निर्जळी करतात आणि गोळीही घेतात, "औषध घेतलं तर चालतं ना" म्हणतात. गेल्या वर्षी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं. आम्हाला वाटलं जागरणानं असेल.

डॉ_मिरज

रोहिणीताई, हे लक्षण बहुधा साखर उतरल्याचं होतं. ही गोळी खाल्लेल्या अन्नासाठी असते. अन्न नसताना घेतली तर साखर खाली जातेच. इन्सुलिनचंही तसंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका खूपच कमी असतो. त्यांच्या डॉक्टरांना या आठवड्यातच भेटून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या, आपण होऊन कमी-जास्त करू नका. निर्जळी त्यांच्यासाठी नाहीच.

साखर तपासायचं यंत्र रात्री पूजेजवळ ठेवा. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेलं बोलणं यातलं काही दिसलं तर लगेच तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र नसेल तर साखर आधी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

कृष्णातीर

रोहिणीताई, बाबांना माझ्याकडून सांगा. साखरेचं ते पाणी त्या वेळी औषधच आहे आणि औषधानं व्रत मोडत नाही. गोळी चालते आणि साखर चालत नाही, असं कुठंही नाही.

रोहिणी_कुपवाड

तुमचं हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं. डॉक्टरांकडे यायला तयार झाले आहेत.

मृण्मयी_विश्रामबाग (17 फेब्रुवारी 2026)

पूजा छान झाली. कुणाला पुढच्या वर्षी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारी नऊला झोपलो, रविवारी साडेसहाला उठलो. दुपारी मी झोपले नाही. सासूबाईंना मात्र डॉक्टरांचं म्हणणं पटलं आणि त्या दीड तास झोपल्या. हरिपूरला दर्शनाला साडेचारलाच गेलो, कारण साडेसहाच्या आत घरी यायचं होतं. पहिली पूजा 6:50 ला सुरू झाली. पहिल्या आणि दुसऱ्या पूजेच्या मध्ये शिवलीलामृताचे पहिले पाच अध्याय आळीपाळीनं मोठ्यानं वाचले. व्याधाची कथा दुसऱ्या अध्यायात असल्यानं मुलं त्यासाठी जागी राहिली, मग झोपली.

तिसरी पूजा बरोबर 12:46 ला धरली. तूप वाटीतच थिजायला लागलं होतं, म्हणून वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. निम्म्या बाणाला साखर आणि निम्म्याला सासूबाईंच्या आग्रहानं पीठ चोळून पाहिलं. साखरेची बाजू एका पाण्यात निघाली. पिठाच्या बाजूला दोनदा गरम पाणी लागलं, पण ती जास्त कोरडी झाली.

दीड ते पावणेचार खरंच कठीण गेले. वाचताना ओळ सुटायला लागली की उठून अंगणात चालत जप करायचा, असं आम्ही ठरवलं होतं. तीनला चहा घेतला. अहो अडीचला बसल्या बसल्या झोपले, त्यांना उठवलं नाही. मधाची पूजा 4:05 ला झाली, अकरावा अध्याय त्यानंतर वाचला. सकाळी तीर्थ घेऊन पारणं केलं. मंदिरात परत जायचं होतं, पण गाडी न चालवता दुपारनंतर गेलो.

एक प्रश्न राहिला. दह्याचं निर्माल्य तुळशीत घातलं तर चालतं का? सासूबाई नको म्हणतात.

कृष्णातीर

सासूबाईंचं ऐका. शिवाचं निर्माल्य तुळशीत घालत नाहीत, बेलाच्या किंवा दुसऱ्या झाडाच्या मुळाशी घाला, पाणी घालून पातळ करून. दही-तूप तसंच मुळावर टाकलं तर झाडालाही चांगलं नाही.

अपर्णा_गावभाग

मृण्मयी, पिठाची बाजू जास्त कोरडी झाली हे मला नवीन आहे. पुढच्या वेळी आधी साखर आणि मग चिमूटभर पीठ, असं करून बघते.

सुहास_माधवनगर

सोसायटीच्या देवळात आम्ही या वेळी आरती पावणेएकला घेतली. खिचडी दुपारी केली. वीसेक जण पहाटेपर्यंत होते. पुढच्या वर्षी तारीख काय, वेळा आधीच लावून ठेवतो.

कृष्णातीर

2027 ला 6 मार्च, शनिवार. तेव्हा सूर्यास्त 6:39 च्या आसपास आणि सूर्योदय 6:46 ला, म्हणजे रात्र लहान, प्रहर 3 तास 2 मिनिटांचा. तिसरा प्रहर 12:43 च्या सुमारास लागेल. पंचांग हातात आलं की एकदा पडताळून घ्या.

डॉ_मिरज

आणि दुपारच्या झोपेचं?

कृष्णातीर

माझं मत तेच आहे, डॉक्टरसाहेब. पण तुमच्या रुग्णांना तुम्ही जे सांगता, ते मीही आता त्यांना सांगेन.